एका रिकाम्या जागेने मोडलेले यंत्र

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. त्याला आपली मेमरी असते, आपली डिस्क असते आणि आपली ऑपरेटिंग सिस्टिम असते. मात्र बाहेरून पाहिले तर ही सगळी डिस्क लॅपटॉपवरची एक मोठी फाइल असते. लिनक्स शिकणारी मुले बहुधा व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरून असे यंत्र उभे करतात. पुढे वर्णन केलेल्या विद्यार्थिनीनेही तेच केले. तिच्या लॅपटॉपची मेमरी ८ जीबी होती. त्यातली ४ जीबी तिने नव्या यंत्राला दिली, २५ जीबीची डिस्क नेमली आणि त्यावर उबुंटू २४.०४ बसवले.

आठवडाभरात तिने त्यावर अपाचे हा वेब सर्व्हर बसवला. स्वतः लिहिलेले पान `/var/www` या फोल्डरमध्ये ठेवायला गेली, तेव्हा परवानगी नाही असे उत्तर आले. ते फोल्डर रूट या मुख्य वापरकर्त्याच्या मालकीचे होते, म्हणून त्याची मालकी आपल्या नावावर करायचे तिने ठरवले. विचार बरोबर होता, आज्ञाही माहीत होती. टाइप करताना मात्र एक रिकामी जागा जास्त पडली.

```
sudo chown -R student:student / var/www
```

तिरप्या रेघेनंतरच्या त्या जागेमुळे एका पत्त्याचे दोन पत्ते झाले. त्यातला पहिला, म्हणजे नुसती तिरपी रेघ, अख्ख्या यंत्राचे मूळ फोल्डर दाखवतो. फाइली पुसणारी `rm` ही आज्ञा मूळ फोल्डर पाहून थांबते, पण `chown` आपणहून थांबत नाही. पडद्यावर नकाराच्या ओळी धावल्या, कारण काही विशेष फाइलींची मालकी बदलताच येत नाही. शेवटची ओळ `var/www` सापडत नाही असे सांगणारी होती. तेवढीच तिच्या नजरेत भरली आणि ती आज्ञा पुन्हा नीट टाइप करायला गेली. तेव्हा हे उत्तर आले:

```
sudo: /usr/bin/sudo must be owned by uid 0 and have the setuid bit set
```

`sudo` हा प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्याला तात्पुरते रूटचे अधिकार देतो. ते देता यावेत म्हणून तो स्वतः रूटच्या मालकीचा असावा लागतो आणि त्याच्यावर सेटयूआयडी नावाची खूण असावी लागते. मालकी बदलली की लिनक्स सुरक्षेसाठी ही खूणही काढून टाकते. म्हणजे जी चूक दुरुस्त करायला `sudo` हवे होते, त्याच चुकीने `sudo` निकामी केले होते.

अशी मोडतोड हाताने पूर्ववत करणे जवळपास अशक्य असते. सगळ्याच फाइली रूटच्या नसतात. डेटाबेस, वेब सर्व्हर, नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम यांच्या फाइली वेगवेगळ्या नावांवर असतात आणि आधी कोणती फाइल कोणाची होती याची यादी `chown` मागे ठेवत नाही. विद्यार्थिनीने यंत्र पुसून नव्याने बसवले. एक अख्खी संध्याकाळ गेली आणि त्यानंतर काही दिवस तिचा हात `sudo` हा शब्द टाइप करतानाच अडखळू लागला.

स्नॅपशॉट तिला वरच्या वर्गातल्या एका मुलीने दाखवला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक यंत्रासाठी स्नॅपशॉट्स हा पर्याय असतो. तिथे टेक दाबून नाव दिले की काम संपते. बंद यंत्राचा स्नॅपशॉट काही क्षणांत तयार होतो, आणि २५ जीबीच्या डिस्कची प्रत इतक्या लवकर कशी निघाली हा प्रश्न तिला पडला.

प्रत निघतच नाही, हे त्याचे उत्तर. स्नॅपशॉट घेताच डिस्कची जुनी फाइल गोठते आणि तिच्यात पुढे काहीही लिहिले जात नाही. शेजारी एक नवी, जवळजवळ रिकामी फाइल तयार होते आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल तिच्यात जातो. वाचताना व्हर्च्युअलबॉक्स आधी नव्या फाइलीत पाहतो आणि तिथे नसेल ते जुन्या फाइलीतून घेतो. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, तसे हे असते. मागे जायचे तर कागद काढून टाकायचा आणि कोरा ठेवायचा. रिस्टोअर हेच करते, म्हणून तेही काही सेकंदांत होते.

तिने स्नॅपशॉट घेतला आणि तीच चुकीची आज्ञा, तीच रिकामी जागा ठेवून, मुद्दाम दिली. `sudo` पुन्हा मोडले. या वेळी मात्र तिने काय बिघडले ते पाहिले. `ls -l /usr/bin/sudo` या आज्ञेने आधी `-rwsr-xr-x` दाखवले होते, आता `s` च्या जागी `x` होता. यंत्र पुन्हा सुरू करताना रिकव्हरी मोडमधून रूटचा पडदा उघडून तिने आधी खूण परत लावली, मग मालकी रूटला दिली. खूण पुन्हा गायब झाली, कारण मालकी बदलताना ती जाते. क्रम उलटा केल्यावर ती टिकली:

```
chown root:root /usr/bin/sudo
chmod 4755 /usr/bin/sudo
```

त्यानंतर `sudo` इतर फाइलींच्या मालकीबद्दल तक्रार करू लागले. इथे तिने यंत्र बंद करून रिस्टोअर दाबले. पाच मिनिटांत सगळे जागेवर होते.

दुसरी ठेच याच सोयीने दिली. एका रिस्टोअरनंतर तिचा दोन दिवसांचा गृहपाठ नाहीसा झाला. स्नॅपशॉटला सिस्टिमची फाइल आणि गृहपाठाची फाइल यांत फरक कळत नाही, डिस्कवरचे सगळेच मागे जाते. तेव्हापासून ती आपले लिखाण लॅपटॉपवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवते. ते यंत्राच्या डिस्कबाहेर असल्याने रिस्टोअरने बदलत नाही.

स्नॅपशॉटला बॅकअप समजणे ही मात्र सर्वांत महाग पडणारी चूक आहे. नव्या फाइलीत फक्त बदल असतात आणि जुन्या फाइलीवाचून त्यांना अर्थ नसतो. दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतात, त्यामुळे त्याची डिस्क गेली तर दोन्ही जातात. जागा वाचवायला त्यातली एखादी फाइल फोल्डरमधून हाताने पुसली तर साखळी तुटते आणि यंत्र सुरूच होत नाही. जागेचा प्रश्न खराच असतो, कारण बरेच स्नॅपशॉट साठले की २५ जीबीचे यंत्र लॅपटॉपवर त्याहून जास्त जागा व्यापू शकते. नको असलेला स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्समधूनच डिलीट करावा. त्या वेळी बदल पुसले जात नाहीत, तर शेजारच्या फाइलीत मिसळले जातात. म्हणून घ्यायला क्षणभर लागलेला स्नॅपशॉट काढायला बराच वेळ लागू शकतो. तिने दोनच ठेवायचे ठरवले, एक ताज्या उबुंटूचा आणि एक चालू प्रयोगाच्या आधीचा.

महिन्याभराने तिने यंत्राला दुसरी डिस्क जोडली आणि `/etc/fstab` या फाइलीत तिची नोंद करताना ओळखक्रमांकातले एक अक्षर चुकवले. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना दीड मिनिट थांबले आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पडले. स्नॅपशॉट घेतलेला होता. तिने आधी `journalctl -xb` देऊन नोंदी वाचल्या, कोणत्या डिस्कची वाट पाहून यंत्र थकले ते शोधले, `/etc/fstab` मधल्या त्या ओळीपुढे `#` लावला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. लॉगिनचा पडदा आल्यावर तिने क्रमांक नीट लिहिला. त्या दिवशी रिस्टोअर दाबावे लागले नाही.