खेळातलं शरीर (भाग ६) : चढाईपटूची धाव खुब्यातून सुटते

चेन्नईच्या सौकारपेठेत सोन्याच्या गलाईची दुकानं आहेत, त्यांतली बरीच सांगलीकडच्या, विटा-खानापूर-आटपाडीच्या माणसांची. तशाच एका दुकानात काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या चढाईपटूची ही गोष्ट. दिवसभर भट्टीपुढे बसून मूस सांभाळायची आणि पहाटे मरीनाच्या वाळूत कबड्डी खेळायची, असा त्याचा दिनक्रम. गडी टिपण्यात तो तरबेज, पण परतताना मध्यरेषेच्या हातभर अलीकडे सापडायचा. मांड्या कमी पडतात असं समजून त्यानं बैठका वाढवल्या. मांड्या भरल्या, सापडणं थांबलं नाही.

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मिरजेची एक मुलगी ओळखीतून त्याचा सराव बघायला आली. तिनं वाळूत दोन रेषा ओढल्या, निदान रेषा आणि मध्यरेषा, मधे ३.७५ मीटर. गडी टिपून वळल्यासारखं करून त्याला पाच वेळा पळायला लावलं आणि मग ती वाकून त्याच्या पावलांचे ठसे बघू लागली.

"दादा, ही वाळू बघा. ठशाच्या पुढे ढीग झालाय."

"मग कुठं व्हायला पाहिजे, मॅडम?"

"मागे. तुम्ही पाय पुढे टाकताय, जमीन मागे ढकलत नाही."

सगळी मेख या ढिगात आहे. पाय वाळूला मागे रेटतो तेव्हा वाळू आपल्याला पुढे रेटते. पण लांब टांग टाकायच्या नादात पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं, की टाच रुतते, वाळू पुढे सरकते आणि तेवढ्या क्षणापुरता तो ब्रेक ठरतो. पाऊल पोटाखाली किंवा किंचित मागे पडायला हवं, छाती पुढे झुकलेली हवी आणि मग खुब्याचा सांधा पूर्ण उघडून मांडी मागे जायला हवी. हे काम मुख्यतः कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचं, सोबत मांडीच्या मागच्या स्नायूंचं. गुडघा आणि घोटा त्याच रेट्यात सरळ होतात. त्याच्या बैठकांनी मांडीचा पुढचा भाग, म्हणजे गुडघा सरळ करणारा स्नायू, बळकट झाला होता. खुबा मात्र अर्धाच उघडत होता.

तो का उघडत नव्हता, हे तिनं दुकानातल्या टेबलावर दाखवलं. त्याला कडेवर उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगितला आणि दुसरा पाय सैल सोडायला लावला. सैल पायाची मांडी टेबलाला टेकायला हवी होती, ती चार बोटं वर तरंगत राहिली. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा, मांडी वर उचलणारा सोआस हा स्नायू त्याचा आखडला होता. वर्षानुवर्षं भट्टीपुढे खुबा दुमडून बसण्याचा यात मोठा वाटा असावा, असं तिचं मत. मलाही ते पटतं. असा माणूस पळताना खुबा मागे नेण्याऐवजी कंबर मागे वाकवतो. बघणाऱ्याला पाय मागे गेल्यासारखा दिसतो, पण रेटा मिळत नाही आणि संध्याकाळी कंबर धरते.

याची किंमत केवढी? समजा, थांबलेला चढाईपटू दर सेकंदाला आपला वेग सेकंदाला ४ मीटरनं वाढवतो. मग ३.७५ मीटरला १.३७ सेकंद लागतात. तोच वेग ५ मीटरनं वाढला तर १.२२ सेकंद. फरक फक्त ०.१५ सेकंदाचा. पण सेकंदाला ४ मीटर वेगानं मागून येणारा कोपरारक्षक तेवढ्यात ६० सेंटिमीटर कापतो, म्हणजे जवळजवळ एका हाताची लांबी. आपला चढाईपटू नेमका तेवढ्यातच सापडत होता.

तिनं तीनच गोष्टी सांगितल्या. एक गुडघा जमिनीवर टेकून त्याच बाजूचा कुल्ला आवळायचा, कंबर न वाकवता तीस सेकंद ताण धरायचा. हे रात्री, खेळाआधी नाही. उताणं झोपून पाय दुमडून कंबर उचलायची. तेव्हा मांडीच्या मागे गोळा आला तर कुल्ला काम करत नाही असं समजायचं आणि टाचा जवळ घ्यायच्या. तिसरं, वाळूत फक्त पहिली तीन पावलं घोटवायची आणि दर वेळी ढीग मागे पडला का ते बघायचं.

पावलाची जागा पहिल्याच आठवड्यात सुधारली, मांडी टेबलाला टेकायला दोन महिने लागले. घोट्याला पकड बसल्यावर मात्र या रेट्याचा फारसा उपयोग नाही. तिथं झुंज वेगळी असते, तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात. तोवर चढाई करणाऱ्यांनी आपली मांडी एकदा टेबलाच्या कडेवर तपासून पाहावी. खुब्यात किंवा जांघेत दुखत असेल, तर ताण द्यायच्या आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं.