चौथा इलेक्ट्रॉन गेला कुठे?

हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन्ही शुद्ध कार्बनचीच रूपे, पहिल्यात प्रत्येक अणूला चार बंध, दुसऱ्यात तीन. परीक्षेत गुण मिळवायला एवढे पाठांतर पुरते. बारावीतल्या एका मुलीला मात्र ते पुरेना. पुस्तकातल्या तक्त्यात तिला दोन आकडे दिसले होते. शेजारशेजारच्या दोन अणूंमधले अंतर हिऱ्यात 0.154 नॅनोमीटर, तर ग्रॅफाइटमध्ये 0.142. अंतर कमी तर बंध जास्त घट्ट, हे आधीच्याच धड्यात शिकवले होते. मग घट्ट बंधांचे ग्रॅफाइट पेन्सिलीत बसून कागदावर झिजते आणि त्याहून सैल बंधांचा हिरा काच कापतो, हे कसे?

मॅडमनी उत्तर दिले नाही, गणित दिले. "दोन्ही बारा-बारा ग्रॅम घे. किती जागा लागते ते काढ."

बारा ग्रॅम कार्बन म्हणजे दोन्हीकडे अणूंची संख्या तंतोतंत सारखी. हिऱ्याची घनता 3.51, म्हणजे जागा लागली 3.4 घन सेंटिमीटर. ग्रॅफाइटची 2.26, म्हणजे 5.3. कोडे सुटण्याऐवजी आणखी गुंतले. अणू तितकेच, एकमेकांना जास्त चिकटलेले, आणि तरी जागा दीडपट! वहीतल्या आकड्यांकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "मॅडम, मग मधे कुठेतरी रिकामी जागा असणार."

नेमके तेच. ग्रॅफाइटमधले अणू षटकोनांच्या सपाट थरांत बसलेले असतात. 0.142 हे अंतर एका थराच्या आतले. एका थरापासून दुसरा थर 0.335 नॅनोमीटर लांब, म्हणजे दुपटीहून जास्त. थरांमध्ये खरा बंध नसतोच, असते ती नुसती क्षीण ओढ. म्हणून लिहिताना थरांचे पापुद्रे सुटून कागदावर राहतात आणि थराच्या आतले घट्ट बंध बहुतेक जसेच्या तसे टिकतात. हिऱ्यात अशी सुटायला जागाच नाही. प्रत्येक अणू चार दिशांना चार अणूंनी धरलेला, ते चार पुन्हा आणखी तिघातिघांनी. कुठूनही ओरखडा काढायचा तर खरे बंधच तोडावे लागतात. पदार्थ किती कठीण हे त्याचा सगळ्यांत घट्ट बंध ठरवत नाही, सगळ्यांत कच्ची बाजू ठरवते. तक्त्यातल्या आकड्यांनी मुलीला चकवले ते इथे: तक्त्यात ही कच्ची बाजू छापलेलीच नव्हती.

"म्हणजे थर घसरतात म्हणून ग्रॅफाइट गुळगुळीत," ती खुशीत म्हणाली. मॅडमनी तिथेही थोडे थांबवले. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बन ब्रश भराभर झिजून त्यांची भुकटी होऊ लागली होती. खालच्या हवेत तेच ब्रश व्यवस्थित चालत. तिथल्या विरळ, कोरड्या हवेत बाष्प नव्हते, हे त्याचे कारण निघाले. ग्रॅफाइटचा गुळगुळीतपणा पृष्ठभागावर चिकटलेल्या बाष्पावरही अवलंबून असतो. निर्वात जागेत ते चांगलेच घासते. पाठ्यपुस्तके हा भाग सहसा गाळतात.

आता राहिला हिशेब इलेक्ट्रॉनांचा. कार्बनकडे बंधासाठी चार इलेक्ट्रॉन असतात. हिऱ्यात चारही कामाला लागतात. ग्रॅफाइटमध्ये तिघांचे बंध होतात, मग चौथा कुठे जातो? मॅडमनी तिला 6B पेन्सिलीने कागदावर दोनेक सेंटिमीटरची जाड, काळीकुट्ट पट्टी गिरवायला लावली. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी त्या पट्टीतून जोडला. एलईडी लागला. तार पट्टीवर पुढे सरकवून अंतर वाढवले, तसा तो मंद होत गेला. चौथा इलेक्ट्रॉन एका अणूशी बांधलेला नसतो, तो थरभर हिंडतो आणि वीज वाहून नेतो. प्रकाश शोषून ग्रॅफाइटला काळे करतात ते हेच मोकळे इलेक्ट्रॉन. हिऱ्यातले इलेक्ट्रॉन बंधांत इतके जखडलेले असतात, की दृश्य प्रकाशाची ऊर्जा त्यांना हलवायला कमी पडते. प्रकाश आरपार निघून जातो, हिरा पारदर्शक दिसतो आणि वीजही वाहत नाही.

"कधीच वाहत नाही?" तिने विचारले. अशा प्रश्नावरून मूल समजून शिकते आहे की घोकते आहे ते कळते. अपवाद आहे, निळ्या हिऱ्याचा. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातला प्रसिद्ध होप हिरा, जो मूळचा गोवळकोंडा परिसरातल्या कोल्लूरच्या खाणीतला मानतात, तो अशांपैकीच. त्यात अत्यल्प बोरॉन मिसळलेले असते. बोरॉनकडे बंधासाठी तीनच इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे त्या जाळीत अधूनमधून एका इलेक्ट्रॉनाची जागा मोकळी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेत सरकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा येतो आणि या सरकासरकीतून हिऱ्यातूनही वीज वाहू लागते.