हरवलेल्या जाळ्याचं पुढे काय होतं?

रात्री समुद्रात सोडलेल्या नायलॉनच्या जाळ्यावरून ट्रॉलर जातो, दोर तुटतात आणि जाळं वाहून जातं. कधी वादळ असतं, कधी तळाच्या खडकात जाळं अडकतं. मालक गेला तरी जाळ्याचं काम थांबत नाही. त्यात मासे अडकून मरतात, त्यांना खायला खेकडे येतात आणि तेही गुरफटतात. अशा जाळ्यांना इंग्रजीत 'घोस्ट नेट' म्हणतात. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर जखमी कासवं येऊन पडतात, त्यांतल्या काहींच्या पंखांसारख्या पायांत हेच तुकडे रुतलेले असतात.

या जाळ्यांपासून नव्या वस्तू करता येतात, पण जाळं कशाचं आहे यावर सगळं ठरतं. ओळख सोपी आहे. तुकडा धुऊन बादलीतल्या पाण्यात दाबून धरायचा, गाठींतली हवा निघू द्यायची आणि सोडायचा. नायलॉन बुडतं, पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात.

तरंगणारं प्लास्टिक धुऊन, कापून, वितळवून त्याचे दाणे करतात. डेन्मार्कमधल्या प्लास्टिक्स या कंपनीने ट्रॉलची जाळी आणि दोर यांवर हेच काम केलं. मात्र दोन प्रकार मिसळले, की दाण्यांचा दर्जा घसरतो.

नायलॉन-६ची गोष्ट वेगळी. अॅक्वाफिल या इटालियन कंपनीच्या स्लोव्हेनियातल्या कारखान्यात ते नुसतं वितळवत नाहीत. उष्णतेने त्याची लांब साखळी तोडून मूळ घटक, म्हणजे कॅप्रोलॅक्टम, वेगळा काढतात. तो शुद्ध करून पुन्हा जोडला, की नव्यासारखाच धागा मिळतो. त्यातून गालिचे, पोहण्याचे कपडे तयार होतात. 'इकोनिल' नावाने हा धागा २०११पासून बाजारात आहे. त्यासाठी जुने गालिचे आणि कापडगिरण्यांतला टाकाऊ मालही वापरतात. सगळा धागा समुद्रातून काढलेल्या जाळ्यांचा असतो, असं समजू नये.

खरी अडचण कारखान्याआधीची आहे. समुद्रातून काढलेल्या जाळ्यात वाळू, शिंपले, शेवाळ असतं. शिशाची वजनं, बोये, वेगळ्या प्लास्टिकचा दोर हे सगळं हातानेच सोडवावं लागतं. त्यातच खर्च वाढतो. बंदरावर उतरवलेलं जीर्ण जाळं त्या मानाने स्वच्छ असतं आणि कुठल्या मालाचं आहे हे मालकाला माहीत असतं.

चिली देशात ब्युरिओने हाच मार्ग धरला. मच्छीमारांकडून जुनी जाळी घेऊन त्यांनी आधी स्केटबोर्ड बनवले. पुढे पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने टोप्यांच्या कडांसाठी तेच प्लास्टिक वापरलं. जाळं समुद्रात जाण्याआधीच हाती आलं, हे त्या कामाचं बळ.

आपल्या मच्छीमार सोसायट्यांनीही इथूनच सुरुवात करावी. प्रत्येक बंदरावर नायलॉनसाठी एक आणि दोरांसाठी दुसरी जागा ठेवावी, आणि आणून दिलेल्या जाळ्याचे वजनावर पैसे द्यावेत.