झिऱ्यात पाणी येते कुठून?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातून पूर्णा नदी वाहते. उन्हाळ्यात जेथे तिचे पात्र कोरडे पडते, तेथेही वाळूत हात-दोन हात खणले की पुष्कळदा पाणी लागते. हा झाला झिरा. घागरभर पाणी उपसले की थोड्याच वेळात तो पुन्हा भरतो. मग हे पाणी वरच्या अंगाहून वाळूतून धावत येते काय?

वाळूलाच विचारून पाहू. तळाशी जाळी बसवलेली एक उभी नळी घ्या. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ समजा 20 चौ.सें.मी. आहे. तीत नदीची धुतलेली वाळू भरा आणि तळाकडून अगदी हळूहळू पाणी चढू द्या, म्हणजे कणांमधील हवा वर निघून जाईल. आता वरून पाणी सोडा व वरची पातळी कायम राखा. नळीच्या बाजूला एकमेकींपासून 20 सें.मी. अंतरावर दोन बारीक काचनळ्या उभ्या जोडा. खालच्या काचनळीतील पाणी वरचीपेक्षा कमी उंच चढलेले दिसेल. कणांशी घासत जाताना पाण्याची जी ऊर्जा खर्ची पडली, तिचे माप म्हणजे ही घट. ती वाळूच्या आतच मोजायची, कारण जाळीत व तोटीतही थोडी घट होते आणि ती वाळूच्या माथी मारणे बरोबर नाही.

समजा घट 10 सें.मी. आली आणि 5 मिनिटांत 150 घ.सें.मी. पाणी गळले, म्हणजे सेकंदाला 0.5. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्याने 1856 साली मांडलेला नियम असा:

Q = K × A × h / L

येथे Q म्हणजे सेकंदाला गळणारे पाणी, A क्षेत्रफळ, h घट आणि L काचनळ्यांतील अंतर. त्यावरून K, म्हणजे वाळूची पार्यता, सेकंदाला 0.05 सें.मी. येते. घट दुप्पट केली की पाणीही दुप्पट गळाले पाहिजे. घट तीच असून पाणी दिवसेंदिवस कमी गळू लागले, तर वाळूत हवेचे बुडबुडे अडकले किंवा गाळ साचला असे समजावे. भरड खडीत मात्र पाणी वेगाने, भोवरे घेत जाते आणि हा नियम लागू पडत नाही.

आता पात्राकडे वळू. वाळूतील पाण्याची पातळी 1000 मीटरला 1 मीटर उतरते असे धरा. h / L झाले 0.001. त्याला K ने गुणले तर दिवसाला सुमारे 4.3 सें.मी. येतात. पण पाणी फक्त कणांमधील पोकळीतून जाते. पोकळी शेकडा 40 धरली, तर त्याचा खरा वेग दिवसाला 11 सें.मी. होतो. एक किलोमीटर यायला पंचवीस वर्षे!

झिऱ्याचे पाणी अर्थातच इतके दुरून येत नाही. उपसल्यावर झिऱ्यातील पातळी मीटरभर अंतरावरील पातळीपेक्षा 20 सें.मी. खाली गेली, तर h / L एकदम 0.2 होते, म्हणजे पात्राच्या उताराच्या दोनशे पट. पाझरणारी बाजू 1 चौरस मीटर धरली, तर ढोबळ हिशेबाने मिनिटाला 6 लिटर पाणी येते. 15 लिटरची घागर अडीच मिनिटांत भरते, ती शेजारच्या वाळूत साठलेल्या पाण्याने.