लासलगाव: जिथे कांदा जमिनीला टेकत नाही

बाजार समिती म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी शेड, खाली मालाचे ढीग आणि त्यांच्याभोवती वाकलेले व्यापारी असं चित्र येतं. निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या कांदा बाजारात हे चित्र शोधायला गेलात तर फसाल. इथे उघड्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. कांदा गाडीतच असतो आणि गाडीतच विकला जातो. विकल्यावरही तो इथे उतरत नाही, व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन उतरतो. 1947 साली स्थापन झालेल्या, आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ असं बिरूद मिरवणाऱ्या या ठिकाणी मालाला बाजाराच्या जमिनीचा स्पर्शही होत नाही. त्यामुळे हा बाजार समजून घ्यायचा तर इमारतींकडे कमी आणि रस्ते, भुईकाटे, उतार, गटारं यांच्याकडे जास्त बघावं लागतं.

शेडला इथे दुय्यम स्थान का, याचं उत्तर कांद्याच्या स्वभावात आहे. सुकवलेला उन्हाळ कांदा टणक दिसतो, पण एका ठिकाणाहून दुसरीकडे ओतला की दरवेळी त्याची पत्ती सुटते, मार बसतो आणि आठवडाभराने तीच जागा सडायला लागते. मजुरी वेगळीच. शेतातून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून खळ्यावर, एवढ्यावर भागत असेल तर मध्ये आणखी एक उतराई कोण करील? 2016 साली अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी खुल्या कांद्याऐवजी गोणीत भरलेला कांदा आणा असा आग्रह धरला होता. बारदानाचा आणि भराईचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येणार म्हणून विरोध झाला, आणि बाजार पुन्हा खुल्या पद्धतीवर आला. गोणीत वरचे चार कांदे दिसतात. ट्रॉलीत हात खुपसता येतो, हाही एक मुद्दा होताच.

हंगामात दिवसाला कित्येक शे गाड्या येतात. बाजाराच्या भाषेत गाडीला ‘नग’ म्हणतात. ‘आज इतके नग आले’ हे वाक्य ऐकून बाहेरचा माणूस कांदे मोजतात की काय असं समजतो. गाड्या एकापाठोपाठ एक अशा ओळी करून लावतात आणि दोन ओळींमध्ये माणसांचा घोळका चालू शकेल एवढी वाट ठेवतात. ही वाट हीच इथली लिलावाची जागा. बाजार समितीचा लिलाव पुकारणारा कर्मचारी पुढे, लिहून घेणारा त्याच्या बाजूला, आणि मागे-पुढे वीस-पंचवीस व्यापारी किंवा त्यांची माणसं. घोळका एका ट्रॉलीपाशी थांबतो. कुणी चाकावर पाय देऊन वर चढतो, कुणी फाळक्याच्या फटीतून कांदा ओढतो, बोटांनी दाबतो, मान बघतो. मान घट्ट मिटलेली असेल तर कांदा नीट सुकला आहे. मऊ असेल तर आत ओल आहे आणि तो टिकणार नाही. त्यानंतर रंग, आकाराचा सारखेपणा, जोड कांद्यांचं प्रमाण आणि डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे. हे सगळं बघेपर्यंत पुकारा सुरू झालेला असतो: चौदाशे, चौदाशे दहा, चौदाशे एकवीस. आकडा क्विंटलचा. बोली थांबली की चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. एका गाडीला मिनिटभरही लागत नाही. चार महिन्यांच्या पिकाचा भाव एवढ्या वेळात ठरतो याचा राग शेतकऱ्याला येतो, आणि मला तो समजतो. पण समोर शेकडो गाड्या उभ्या असताना प्रत्येकीला पाच मिनिटं दिली तर शेवटचा शेतकरी रात्री घरी जाईल, हेही खरं.

संध्याकाळी जो भाव जाहीर होतो त्यात तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. वर्तमानपत्रात मथळा कमाल भावाचा होतो आणि गावात चर्चाही त्याचीच. पण कमाल भाव कधीकधी एकाच चांगल्या ट्रॉलीला मिळालेला असतो. किमान भावाची गाडी बहुधा खादीची, म्हणजे खराब मालाची किंवा भिजलेल्या कांद्याची असते. आपला माल त्या दिवशी कितीला गेला असता, हे सर्वसाधारण भावावरूनच कळतं.

चिठ्ठी मिळाली म्हणजे व्यवहार झाला असं नाही. एक गाडी घेऊन हिशेब करून बघू. समजा भाव निघाला क्विंटलला 1,451 रुपये. ट्रॅक्टर आधी भुईकाट्यावर जातो. भरलेलं वजन आलं 58.20 क्विंटल. मग तो व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामा होतो आणि परत काट्यावर येतो. रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन 34.80. म्हणजे कांदा 23.40 क्विंटल आणि रक्कम 33,953 रुपये. यातून हमाली वगैरे कपाती होऊन हिशोबपट्टी तयार होते. एवढ्या मोठ्या भुईकाट्यावर वीस किलोचा फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणून जाणता शेतकरी दोन्ही वेळा तोच काटा आहे ना हे बघतो, आणि गाडी चढण्याआधी काट्याचा आकडा शून्यावर आहे ना, हेही. भरलेल्या गाडीवर बसलेला माणूस रिकाम्या वजनाच्या वेळीही बसलेलाच हवा. तो मध्ये उतरला तर त्याचं वजन कांद्यात धरलं जातं, आणि व्यापारीही ते ओळखून असतो.

खरी भीती असते ती वांध्याची. ट्रॉली खळ्यावर ओतली आणि तळाला ओला, बारीक किंवा सडका माल निघाला, की व्यापारी म्हणतो, वर दाखवला तो हा माल नाही. शंभर रुपये भाव कमी केला तर याच गाडीत 2,340 रुपये गेले. कधी तक्रार खरी असते. काही जण गोल्टी खाली आणि निवडक वर भरतात, हे नाकारून चालणार नाही. कधी मात्र दुपारनंतर मागणी पडलेली असते आणि वांधा हे नुसतं निमित्त असतं. गाडी रिकामी झालेली असल्याने शेतकऱ्याचा हात दगडाखाली. अशा वेळी माल पुन्हा भरण्याआधी, आहे त्या जागीच समितीच्या माणसाला बोलावणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. ढीग हलला की पुरावा गेला.

खळ्यावर पुढचं काम स्त्रियांचं. त्या कांदा आकारानुसार निवडतात, खराब बाजूला काढतात, गोण्या भरतात. तिथून ट्रक निघतात, आणि लासलगावला मुंबई–भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन असल्याने दूरच्या राज्यांकडे रेल्वेनेही माल जातो. म्हणजे आवारात दोन उलट प्रवाह असतात: सकाळी भरून येणारे आणि लगेच रिकामे होऊ पाहणारे ट्रॅक्टर, आणि दुपारनंतर भरू लागणारे लांबलचक ट्रक. ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे घेणं कठीण, कारण जोडावर ती वळते. तिला सरळ आत येऊन सरळ बाहेर जाता आलं पाहिजे. काट्यावर कोंडी झाली की रांग गावातल्या रस्त्यावर येते, आणि मग शाळेच्या मुलांपासून एसटीपर्यंत सगळ्यांना कांद्याची आवक कळते.

आता पाऊस. उघड्या आवाराची खरी परीक्षा तेव्हाच. वरून ताडपत्री टाकता येते, पण भाव काढायला ती उघडावीच लागते. शेवटी किती पाणी पडलं त्यापेक्षा पडलेलं पाणी किती लवकर निघून गेलं, याला महत्त्व. काँक्रीटला पुरेसा उतार नसेल तर गाड्यांच्या चाकांनी दबलेल्या जागी डबकी साचतात आणि लिलावाचा घोळका त्यांना वळसा घालू लागतो. कडेच्या ओळीतल्या गाडीला मग कमी गिऱ्हाईक मिळतं. दुसरा शत्रू कांद्याची पत्ती. वाळलेली पत्ती वाऱ्याने उडून गटाराच्या जाळीवर बसते, पहिल्या सरीत भिजून चिकटते आणि जाळी झाकणासारखी बंद करते. मोठं गटार बांधूनही पाणी तुंबतं ते यामुळे. उपाय साधा आहे: पावसाआधी, आणि पावसाळ्यात रोज, लिलाव संपताच झाडू. पण झाडूची निविदा गटाराच्या निविदेएवढी मोठी नसते.

भाव पडले की दरवर्षी एक सूचना येते, शीतगृहं बांधा. बटाट्याचं चालतं, मग कांद्याचं का नाही? कांदा दोन टोकांना झोपतो. शून्य अंशाच्या आसपास त्याला कोंब येत नाही, आणि पंचवीस-तीस अंशांच्या कोरड्या उबेतही फारसा येत नाही. मधल्या दहा ते वीस अंशांत मात्र तो झपाट्याने कोंबतो. म्हणून अर्धवट थंडी काहीच नसल्यापेक्षा वाईट. शून्याच्या जवळ ठेवायचं तर वीज सतत हवी आणि हवा कोरडी हवी, कारण ओल धरली की मुळं फुटतात. शिवाय बाहेर काढलेल्या थंड कांद्यावर घाम धरतो आणि तो भराभर कोंबतो, म्हणजे आठवडाभरात विकावाच लागतो. शेतकऱ्याची कांदाचाळ विजेशिवाय त्या उबदार टोकाचाच उपयोग करते: जमिनीपासून उंच, अरुंद ढीग, खालून-बाजूने वारा. तिचा खर्च कमी, पण घट मोठी. एप्रिलात हजार रुपयांनी 23.40 क्विंटल विकला असता तर 23,400 मिळाले असते. पाच महिन्यांत तीस टक्के घट धरली तर 16.38 क्विंटल उरतो, आणि तेवढेच पैसे यायला भाव 1,429 लागतो. चाळीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

साठवणीतल्या कोंबांवर तोडगा म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली लासलगावलाच ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण अगदी थोड्या मात्रेत दिले की कांद्याच्या आतला कोंबाचा अंकुर निकामी होतो. कांदा किरणोत्सारी होत नाही. पण हे काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत, कांदा झोपेत असतानाच करावं लागतं. अंकुर वाढू लागल्यावर दिलं तर तो आत मरून काळपट पडतो. आणि किरणांनी कोंब थांबतो, सड आणि वजनातली घट थांबत नाही. म्हणजे किरण दिल्यावरही चांगली साठवण लागतेच, आणि केंद्रापर्यंत कांदा नेऊन परत आणायची ती जास्तीची चढ-उतारही आलीच, जी हा बाजार पहिल्यापासून टाळत आला आहे. कांद्यासाठी उभारलेल्या या केंद्राचं नाव सर्वदूर झालं ते हापूसमुळे. 2007 साली भारतीय आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो इथून किरण घेऊनच. पेटीला भाव इतका चांगला होता की कोकण ते लासलगाव हा फेराही परवडला.