बारावी विज्ञान : आठ आठवड्यांची उजळणी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकांत फिजिक्सची १६, केमिस्ट्रीची १६ आणि बायोलॉजीची १५ प्रकरणे आहेत. प्रत्येक विषयाची लेखी परीक्षा ७० गुणांची, प्रात्यक्षिक ३० गुणांचे. लेखी परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते, म्हणून उजळणी डिसेंबरच्या मध्यापासून सुरू करावी लागते.

पहिल्या पाच आठवड्यांत सगळी प्रकरणे एकदा संपवायची. तिन्ही विषय रोज घ्यावेत आणि प्रत्येक विषयाच्या एका प्रकरणाला दोन दिवस द्यावेत. सोमवार ते शनिवार प्रत्येक विषयाची तीन प्रकरणे होतात, म्हणजे पाच आठवड्यांत पंधरा. बायोलॉजी तेवढ्यात पूर्ण होते. फिजिक्समधील मॅग्नेटिक मटेरियल्स आणि केमिस्ट्रीमधील ग्रीन केमिस्ट्री ही लहान प्रकरणे शेजारच्या प्रकरणाला जोडून घेता येतात. एकच विषय सलग आठवडाभर धरला, तर बाकीचे दोन तेवढ्यात विसरू लागतात.

केमिकल कायनेटिक्सचे उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी प्रकरण वाचून, पुस्तक मिटून, प्रथम कोटीच्या अभिक्रियेचे सूत्र कोऱ्या कागदावर सिद्ध करायचे. दुसऱ्या दिवशी गणिते : अर्धायुकाल २० मिनिटे असेल, तर ९० टक्के अभिक्रिया व्हायला किती वेळ लागेल? ०.६९३ ला २० ने भागून k = ०.०३४६५ प्रति मिनिट येतो, आणि २.३०३ ला k ने भागले की उत्तर सुमारे ६६.५ मिनिटे. हा भागाकार लॉग टेबलनेच करावा, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. घरी कॅल्क्युलेटरवर सराव केलेल्यांचा वेळ नेमका इथे जातो.

रविवारी नवे प्रकरण नको. त्या आठवड्यातील सिद्धता, रासायनिक समीकरणे आणि आकृत्या न पाहता लिहाव्यात. सोडवलेले गणित वाचताना सगळे समजते, पण कोऱ्या कागदावर दुसरी ओळ सुचत नाही. असे झाले, तर ते प्रकरण पुढच्या रविवारी पुन्हा घ्यायचे. बायोलॉजीत हीच कसोटी आकृतीची : बीजांडाची आकृती पेन्सिलने काढून सर्व भागांना नावे देता आली पाहिजेत.

सहावा आठवडा जर्नल, प्रयोग आणि तोंडी प्रश्नांसाठी राखून ठेवावा. प्रात्यक्षिक त्याआधी आले, तर हा आठवडा पुढे ओढून प्रकरणे नंतर पूर्ण करावीत.

सातव्या आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. तीन तासांत ७० गुण म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटे, तीन गुणांच्या प्रश्नाला साडेसात. फिजिक्सच्या एका सिद्धतेत बारा मिनिटे जात असतील, तर तीच पुन्हा लिहून वेळ खाली आणावा. आठव्या आठवड्यात फक्त चुकांची वही आणि रविवारी अडलेली प्रकरणे, तीही परीक्षेच्या वेळापत्रकात जो विषय आधी आहे त्या क्रमाने.