मासे पहाटेच का मरतात?

मे महिन्यात सकाळी शेततळ्यावर जावं आणि पाण्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसावीत, तर पहिला संशय विषाचा येतो. कोणी तरी काही तरी टाकलं असणार, किंवा शेजारच्या फवारणीचं पाणी उतरलं असणार. क्वचित तसं असतंही. पण मेलेले मासे पाहूनच बराच उलगडा होतो. विषाने लहान-मोठे सगळेच मरतात, बहुधा लहान आधी, आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी. मेलेल्यांत मोठे मासे जास्त असतील, त्यांची तोंडं उघडी आणि कल्ले पसरलेले असतील, लहान पिल्लं अजून काठाने फिरत असतील आणि हे सगळं पहाटे घडलं असेल, तर ते गुदमरून मेले. हवेने वेढलेल्या पाण्यात मासा गुदमरतो, हे चटकन पटत नाही एवढंच.

मुळात पाण्यात ऑक्सिजन फार थोडा असतो. तीस अंश तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाचं एक लिटर गोडं पाणी हवेतून घेऊन घेऊन घेतं ते जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. आपण एका श्वासात सहज मिळवतो तेवढ्या ऑक्सिजनसाठी माशाला कितीतरी पाणी तोंडातून घेऊन कल्ल्यांवरून ढकलावं लागतं, आणि पाणी हवेपेक्षा शेकडो पटींनी जड. म्हणजे श्वास घेण्याच्या कामातच त्याचा काही ऑक्सिजन खर्च होतो.

पाणी तापलं की हे साडेसातही टिकत नाहीत. चुलीवर पातेलं ठेवलं की उकळी फुटायच्या बरीच आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नसते, पाण्यातून बाहेर पडणारी हवा असते. ऑक्सिजनच्या रेणूंना पाण्याच्या रेणूंनी अगदी सैलसर धरलेलं असतं. उष्णतेने सगळ्यांची धावपळ वाढते आणि ऑक्सिजन निसटतो. समुद्रसपाटीला शून्य अंशाचं गोडं पाणी लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, वीस अंशाचं ९.१, तीस अंशाचं ७.५ आणि पस्तीस अंशाचं सातच्याही किंचित खाली. समुद्रसपाटीपासून उंच गेलं की हवेचा दाब घटतो आणि हे आकडेही थोडे उतरतात.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, आणि गैरसमजही इथूनच सुरू होतो. वीसवरून तीस अंशांवर जाताना पाण्याने गमावले ते दीडच मिलिग्रॅम. कटला, रोहू, मृगळ यांना लिटरमागे पाच मिलिग्रॅम मिळाले तरी ते नीट खातात, वाढतात. तीनवर आले की खाणं मंदावतं, दोनच्या आसपास ते पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडू लागतात, आणि एकच्या खाली काही तास गेले तर मरतात. मग साडेसात असताना कोणी मरायचं कारणच नाही. मारतो तो उष्णतेचा दुसरा हात, तो खर्चाच्या बाजूला असतो.

मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि ऑक्सिजनची गरजही. तळ्यात मासा एकटा नसतो. पाण्याला हिरवा रंग देणारं सूक्ष्म शेवाळ, कुजणारं खाद्य आणि विष्ठा पचवणारे जिवाणू, तळाचा गाळ हे सगळे श्वास घेतात आणि सगळ्यांचा वेग उष्णतेबरोबर वाढतो. खाद्य देऊन वाढवलेल्या तळ्यात रात्री संपणाऱ्या ऑक्सिजनपैकी माशांचा वाटा बहुतेक वेळा लहानच असतो. मोठा खाऊ म्हणजे ते हिरवं पाणी.

तेच हिरवं पाणी दिवसा ऑक्सिजन तयार करतं, म्हणून तळ्याचा ऑक्सिजन हा रोजचा जमाखर्च असतो. सूर्य असेपर्यंत जमा जास्त. दुपारी कित्येकदा पाणी धरू शकतं त्याहूनही जास्त ऑक्सिजन त्यात असतो. सूर्य बुडाला की जमा थांबते आणि खर्च रात्रभर चालतो. सर्वांत कमी शिल्लक उजाडायच्या जरा आधी.

एकाच तळ्याच्या दोन रात्री मांडून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण अशा तळ्यांत आढळतात तसेच. जानेवारीत पाणी वीस अंश, संध्याकाळी शिल्लक नऊ मिलिग्रॅम, खर्च तासाला ०.३. रात्र तेरा तासांची. पहाटेपर्यंत ३.९ गेले, ५.१ उरले. मासे खुशीत. मे महिन्यात पाणी तीस अंश, दिवसभराच्या कडक उन्हामुळे संध्याकाळची शिल्लक तीच नऊ, पण खर्च दुप्पट, तासाला ०.६. रात्र लहान, अकरा तासांची. तरी ६.६ गेले आणि पहाटे उरले २.४. मासे वर आले, पण जगले. हिवाळ्याची रात्र दोन तास मोठी असूनही सुरक्षित ठरते ती खर्चामुळे.

आता मेअखेरीस आभाळ भरून आलं असं धरा. ऊन नाही, त्यामुळे संध्याकाळची शिल्लक साडेसहाच. पाणी अजून तापलेलंच, खर्च तोच. साडेसहातून ६.६ वजा करून पाहा. उजाडायच्या आत तळं रिकामं. कडक उन्हाच्या दिवसापेक्षा त्यानंतरचा ढगाळ, उकाड्याचा दिवस जास्त घातक असतो तो यामुळे. त्यात वळवाची जोरदार सर आली तर आणखी एक घात होऊ शकतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं राहतं, तळाचं थंड पाणी त्याखाली कोंडतं आणि तिथला ऑक्सिजन कधीच संपलेला असतो. पावसाचं थंड, जड पाणी वरून खाली बुडतं, थर मोडतात आणि तळाचं कुजकट पाणी वर मिसळतं. अशा सकाळी तळ्याला सडक्या अंड्यासारखा वास आला, तर काय झालं ते वेगळं सांगावं लागत नाही.

रात्रीचा खर्च जवळपास सरळ रेषेत चालतो याचा फायदा अमेरिकेतल्या अलाबामाच्या ऑबर्न विद्यापीठातले क्लॉड बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात मांजरमाशांच्या तळ्यांसाठी करून घेतला. रात्रभर जागायची गरज नाही. अंधार पडताना एकदा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा ऑक्सिजन मोजायचा. कागदावर दोन बिंदू देऊन त्यांतून जाणारी रेषा पहाटेपर्यंत ओढायची. सातला नऊ आणि दहाला ७.२ असेल तर तासाला ०.६, म्हणजे सहाला २.४. रेषा दोनच्या खाली जाताना दिसली, तर मध्यरात्रीच एरेटर सुरू करायचा. पाणी रात्री थोडं निवतं आणि खर्च किंचित मंदावतो, त्यामुळे रेषेची चूक झाली तरी बहुधा सावधपणाच्या बाजूला होते. मोजायला मीटर उत्तम. तो नसेल तर हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची १८८८ची पद्धत आजही चालते. बुडबुडा न राहू देता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. नेमका आकडा पुढच्या टायट्रेशनमधून मिळतो, पण धोक्याचा इशारा रंगच देतो.

एरेटर किती काम करतो? वीस लाख लिटरच्या शेततळ्यात तासाला ०.६ मिलिग्रॅम म्हणजे एकूण १.२ किलो ऑक्सिजन दर तासाला संपतो. एक अश्वशक्तीचा चांगला पॅडलव्हील एरेटर ऑक्सिजनशून्य स्वच्छ पाण्यात तासाला दोनेक किलो ऑक्सिजन मिसळतो. पाण्यात आधीच काही ऑक्सिजन असतो, तेव्हा तो निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे खर्च जेमतेम भागतो, शिल्लक वाढत नाही. मासे मरायला लागल्यावर यंत्र सुरू करणं म्हणूनच उशिराचं असतं. आणि दुपारी, पाणी ऑक्सिजनने ओसंडत असताना तोच एरेटर चालवला, तर तो जास्तीचा ऑक्सिजन हवेत घालवतो. वीज जाते ती वेगळीच. यंत्र नसेल तर पंपाने पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडावं. पोटॅशियम परमँगनेट टाकून ऑक्सिजन वाढतो हा समज मात्र सोडलेला बरा.

खर्च कमी करणं जास्त स्वस्त पडतं. ढगाळ दिवशी खाद्य बंद ठेवावं. खाल्ल्यानंतर माशाची ऑक्सिजनची गरज वाढते, म्हणून संध्याकाळचं खाद्य उन्हाळ्यात टाळावं. न खाल्लेलं खाद्य तर दुप्पट महाग. एक किलो तांदूळ पाण्यात पूर्ण कुजायला सुमारे एक किलो ऑक्सिजन लागतो, आणि तीस अंशाच्या सव्वा लाख लिटर पाण्यात मिळून इतकाही ऑक्सिजन नसतो. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पाण्यात सोडलेल्या पिंडांचा आणि अन्नाचा हिशेब करून पाहिला तर त्यात गूढ काही उरत नाही.

घरच्या टाकीत हेच सगळं लहान प्रमाणात, पण झटपट घडतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे छप्पन लिटर पाणी आणि मे महिन्यात मिळून चारशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन. एअर पंपाचे बुडबुडे पाण्यात ऑक्सिजन ‘भरतात’ असं वाटतं, पण बुडबुडा सेकंदभरात वर पोचतो. त्याचं मुख्य काम म्हणजे खालचं पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवणं. ऑक्सिजन शिरतो तो बराचसा पृष्ठभागातूनच. म्हणून निमुळत्या तोंडाच्या गोल भांड्यात काठोकाठ पाणी भरणं चुकीचं. भांडं सर्वांत रुंद असेल तिथपर्यंतच भरलं, तर पाणी कमी होऊनही हवेशी भेट वाढते.

टाकीतले मासे वर येऊन तोंड उघडू लागले की ते हवा गिळतात असं आपण समजतो. गोल्डफिश किंवा गप्पी प्रत्यक्षात हवेला चिकटलेला पाण्याचा पातळ थर कल्ल्यांवरून नेत असतात, कारण उरलासुरला ऑक्सिजन तिथेच असतो. खरोखर हवा घेतात ते गुरामी, बेट्टा आणि आपल्या नद्यांतली मरळ, मागूर. त्यांचं वर येणं हे संकट नव्हे. मरळीला तर हवेपर्यंत पोचू दिलं नाही, तर ती भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातही गुदमरू शकते.

उन्हाळ्यात लाईट गेली की बर्फाचे खडे टाकण्याचा मोह होतो. त्याने पाण्याची ऑक्सिजन धरण्याची क्षमता वाढते, ऑक्सिजन वाढत नाही. तो हवेतूनच यावा लागतो. तापमान एकदम घसरलं तर धक्का बसतो तो वेगळा. झाकण काढावं, खाद्य देऊ नये, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्याभर पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतावं. बाहेरचा बंद डब्यातला फिल्टर तासन् तास थांबला असेल, तर वीज आल्यावर तो लगेच टाकीला जोडू नये. आतल्या जिवाणूंनी त्यातला ऑक्सिजन संपवून पाणी कुजवलेलं असतं. आधी ते पाणी बादलीत ओतून द्यावं, स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्यावा आणि मग फिल्टर सुरू करावा.